पावसाळ्यात खालची पोती दगड का होतात? थप्पीची उंची, जुना माल आणि ओल

प्रश्न: परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं सिमेंटचं दुकान आहे. गोदाम आतून २५ × ३० फूट, वर पत्रे, खाली कोबा. थप्पी १४ पोत्यांची लावतो, हजारेक पोती बसतात. पावसाळ्यात दिवसाला १५-२० पोती जातात. दर वर्षी दिवाळीच्या आसपास खालची ३०-४० पोती दगड झालेली निघतात. कंपनीचा माणूस म्हणतो साठवण चुकली, हमाल म्हणतात माल गरम आला होता. उंची कमी केली तर माल मावत नाही. नेमकं काय करावं?

उत्तर:

मराठवाड्यातल्या मालधक्क्यांवर आणि डेपोंत मी बावीस वर्षं सिमेंट उतरवून घेतलं आणि रवाना केलं, त्यामुळे ‘माल गरम होता’ आणि ‘साठवण चुकली’ ही दोन्ही वाक्यं मला पाठ आहेत. तुमच्या बाबतीत कंपनीचा माणूस अर्धा बरोबर आहे. पण तो ज्याला साठवण म्हणतो, त्यात उंचीपेक्षा मोठी चूक दुसरीच आहे. तुमच्याच आकड्यांत ती दिसते.

आधी एक गोष्ट वेगळी करू. पोतं कडक लागलं म्हणजे सिमेंट गेलं, असं नसतं. कडक होण्याचे प्रकार दोन. पहिला निव्वळ दाबाचा. १४ च्या थप्पीत सर्वांत खालच्या पोत्यावर १३ पोत्यांचं, म्हणजे ६५० किलो ओझं असतं. सिमेंटची पूड इतकी बारीक, की महिनाभर अशी दाबून धरली तर तिचे कण एकमेकांत घट्ट बसतात. पोतं हाताला लाकडासारखं लागतं, पण आत रासायनिक काही घडलेलं नसतं. असं पोतं जमिनीवर चारही कुशींवर दोन-तीन वेळा लोळवलं की पुन्हा मऊ होतं आणि आतलं सिमेंट पुडीसारखं वाहतं. ते चांगलं आहे.

दुसरा प्रकार ओलीचा. विणलेल्या प्लॅस्टिकच्या पोत्याला भरताना हवा निघून जावी म्हणून बारीक भोकं असतात, शिवाय तोंडाची झडप असते. तिथून दमट हवा आत जाते. पाण्याचा थेंबही न पडता सिमेंटच्या कणांवर ओल बसते आणि कणाचा बाहेरचा थर पोत्यातच आपलं काम करून मोकळा होतो. आधी पोत्याच्या कडेला पापुद्रा धरतो, मग हरभऱ्याएवढे खडे होतात, शेवटी ढेकूळ. हे लोळवून सुटत नाही. खडा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. पीठ झाला तर वेळ अजून गेलेली नाही. नाही फुटला तर ते सिमेंट संपलं.

दाब आणि ओल एकमेकांना मदत करतात, म्हणून लोकांचा गोंधळ होतो. दाबाने कण जवळ आलेले असतात, त्यात ओल शिरली की त्यांचा सांधा कायमचा होतो. त्यामुळेच बांधकाम साहित्य साठवण्याच्या भारतीय मानकात, आयएस ४०८२ मध्ये, थप्पी १० पोत्यांपेक्षा उंच नको असं सांगितलं आहे. थप्पीची रुंदी चार पोत्यांच्या लांबीपेक्षा किंवा ३ मीटरपेक्षा जास्त नको, आणि ८ पोत्यांपेक्षा उंच गेलात तर एक थर उभा, एक आडवा असा बांधत जा, हेही त्यातच आहे. ही आडवी-उभी बांधणी थप्पी कोसळू नये म्हणून. १४ ची सरळ रचलेली थप्पी हमालाच्या अंगावर आली, तर दगड झालेल्या पोत्यांचा विषय कुणी काढणार नाही.

आता तुमची ३०-४० पोती. ती थप्पीत नेमकी कुठे होती, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि खरं निदान तिथेच असतं. पुढच्या वेळी पोतं बाहेर काढण्याआधी त्याच्या जागेचा फोटो घ्या. फक्त सर्वांत खालचा थर आणि तोही जमिनीकडच्या बाजूने कडक असेल, तर ओल कोब्यातून आली. आपल्याकडची काळी माती पाऊस थांबल्यावरही महिनोन् महिने ओल धरून ठेवते. ती फुगते-आकसते, कोब्याला तडे जातात आणि त्या तड्यांतून गारवा वर येतो. भिंतीकडच्या पोत्यांची एकच कूस कडक असेल तर भिंत पाझरते आहे. वरच्या थरावर रुपयाएवढे गोल कडक डाग असतील तर पत्र्याच्या खिळ्यातून गळतं, किंवा पहाटे पत्र्याला आतून घाम सुटून तो टपकतो. आणि खालचे तीन-चार थर सरसकट, मधली पोतीसुद्धा कडक निघत असतील, तर तो माल म्हातारा झालेला आहे. तुमचं प्रकरण मला या शेवटच्या जातीचं वाटतं, त्यात थोडी कोब्याची ओल.

हमालांच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण थोडं. कारखान्यातून ताजं भरलेलं पोतं हाताला चटका देईल इतकं गरम येऊ शकतं. सिमेंट दळताना त्यात जिप्सम घालतात, आणि फार उष्णतेत जिप्सम आपल्यातलं थोडं पाणी सोडतं. ते पाणी सिमेंटच धरतं आणि गुठळ्या होतात. पण दोष हा असेल, तर गुठळ्या वरच्या-खालच्या सगळ्या थरांत सापडायला हव्यात, आणि त्याच आठवड्याचा माल घेतलेल्या शेजारच्या दुकानदाराकडेही. फक्त खालच्या थराला निवडून गरम माल येत नाही. माल गरम आला तर एवढंच करा, की पहिले दोन-तीन दिवस त्यावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका. रात्री कागद गार पडतो आणि आतल्या दमट हवेचं पाणी त्यालाच आतून धरतं.

आता म्हातारा माल. तुमच्या गोदामात १४ थरांत हजार पोती, म्हणजे एका थरात साधारण ७२. समजा एप्रिलची ३५० पोती शिल्लक होती आणि मेच्या शेवटी स्कीममध्ये आणखी ६५० घेतली. जागा एकच, म्हणून नवीन माल जुन्यावर चढला. १ जूनला गोदामात हजार. रोज १५ धरले तर १५ जुलैपर्यंत ६७५ गेली, ३२५ उरली. ही ३२५ म्हणजे खालचे साडेचार थर, आणि ती सगळी एप्रिलची. तेवढ्यात ट्रक आला, ४०० पोती त्याच्यावर बसली. ती संपायला ऑगस्टचा दुसरा आठवडा उजाडला, मग गणपतीच्या आधी पुन्हा ट्रक. एप्रिलच्या पोत्यांना पूर्ण पावसाळाभर सूर्य दिसला नाही. दिवाळीत ती उघडता तेव्हा सहा-सात महिन्यांची झालेली असतात, अख्खा पावसाळा खाल्लेली आणि सतत ओझ्याखाली. ३०-४० च दगड झाली हे नशीब. उरलेली तुम्ही विकली, आणि त्यांचीही ताकद कमी झालेलीच होती.

मी हे मोठ्या खात्रीने सांगतो, कारण एका डेपोत मी स्वतः हेच केलं आहे. लातूर भागातलं गोदाम, दार एकच, मागच्या कोपऱ्यातली थप्पी ‘नंतर काढू’ म्हणून राहिली. समोर रोज नवी गाडी रिकामी होत होती, त्यामुळे वहीत साठा एकदम बरोबर आणि फिरताही दिसे. वहीत पोती मोजली जातात, त्यांचं वय नाही. पावसाळा संपल्यावर मागे पोचलो तेव्हा १६० पोती हातोडीने फोडावी लागली. त्या थप्पीवर पाण्याचा एक थेंब पडला नव्हता.

म्हणून पहिला नियम असा करा, की जुन्या थप्पीवर नवीन पोतं ठेवायचंच नाही. थप्पी सुरू केली की कोब्यापर्यंत संपवायची, फळ्या झाडायच्या, मगच तिथे नवा माल. हे जमायचं तर एक मोठा ढीग मोडून लहान-लहान थप्प्या कराव्या लागतील. तुमच्या मापाने मी हिशोब करून बघितला.

भरलेलं पोतं साधारण सव्वादोन फूट लांब आणि दीड फूट रुंद. साडेचार फूट रुंद आणि ९ फूट लांब अशी थप्पी धरा. त्यात एका थराला पोती लांबीत लावली तर ३ × ४ आणि आडवी लावली तर २ × ६, दोन्ही वेळा १२ च बसतात. म्हणजे थर उभा-आडवा बांधता येतो आणि कड सरळ राहते. १० थरांची एक थप्पी १२० पोत्यांची, ६ टन. भिंतीपासून सगळीकडे २ फूट सोडलं तर तुमच्याकडे २१ × २६ फूट उरतात. रुंदीत अशा तीन थप्प्या आणि मध्ये पावणेचार फुटांच्या दोन वाटा. लांबीत दोन थप्प्या, मध्ये दीड फूट, आणि दाराशी साडेसहा फूट मोकळे. एकूण सहा थप्प्या, ७२० पोती. तुमच्या हजारातली २८० कमी झाली, हे खरं. पण ती २८० म्हणजे जवळपास तीच खालची चार थरं, जी तुम्ही विकत नव्हता, नुसती सांभाळत होता.

प्रत्येक थप्पीला १ ते ६ नंबर द्या आणि तिच्यासमोर भिंतीवर खडूने दोन गोष्टी लिहा: माल कधी उतरला आणि पोत्यावर भरल्याचा आठवडा कोणता छापला आहे. पोत्यावर आठवडा, महिना, वर्ष असतं, बरेच दुकानदार तिकडे बघतच नाहीत. माल काढायचा तो या छापील आठवड्याच्या क्रमाने, उतरल्याच्या तारखेने नव्हे. डेपोत पडून राहिलेला माल कधीकधी तुमच्याकडे आजच्या तारखेला दीड महिन्याचा होऊन येतो. गाडी उतरवण्याआधी चार-पाच पोत्यांचा आठवडा वाचा. फार जुना असेल तर तिथेच बोला, चलनावर सही झाल्यावर कुणी ऐकत नाही.

एका वेळी एकाच थप्पीतून माल काढा, फार तर दोन. काढताना वरचा अख्खा थर सोलत जाऊ नका. एका टोकाकडून पायऱ्या करत खाली उतरा, म्हणजे उरलेल्या भागावरची ताडपत्री हलत नाही आणि सगळी थप्पी रोज उघडी पडत नाही.

पावसाळ्याचा हिशोब वेगळा ठेवा. जून ते सप्टेंबर सहाच्या सहा थप्प्या भरायची गरज नाही. चार भरा, ४८० पोती. रोज १५ गेली तरी ३२ दिवसांत संपतात, म्हणजे गोदामात महिन्याहून जुनं पोतं जवळपास उरत नाही. दोन थप्प्या रिकाम्या झाल्या की २४० ची, म्हणजे १२ टनांची गाडी मागवा. हातात २४० उरलेली असतात, ती १६ दिवस पुरतात. मोठी गाडीच येत असेल तर शेजारच्या गावातल्या दुकानदाराबरोबर वाटून घ्या. एखादी थप्पी महिन्यापेक्षा जास्त थांबणार असं दिसलं तर ती ८ च्या वर नेऊ नका.

मेच्या शेवटी येणारी स्कीम मला माहीत आहे. ६५० पोत्यांवर पोत्यामागे ५ रुपये सुटले तर हातात ३,२५० येतात. पोतं ३५० रुपयांचं धरलं तर ३५ पोती दगड होऊन १२,२५० जातात. कंपनीचं गोदाम पावसाळ्याआधी रिकामं व्हावं, म्हणून ती स्कीम असते.

ओलीचं म्हणाल तर सगळ्यात आधी जमीन. कोब्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, त्यावर लाकडी फळ्या किंवा पॅलेट अशा, की पोतं जमिनीपासून ६ ते ८ इंच वर राहील. नुसत्या विटांवर पोती ठेवू नका. वीट ओल वर ओढते, आणि दोन विटांमध्ये पोतं लोंबून फाटतं. काही जण खाली कडबा किंवा भुसा पसरतात. तो पहिल्या आठवड्यात ऊब देतो, नंतर ओल धरून बसतो आणि उंदीर येतात ते वेगळेच.

दुसरी गोष्ट खिडक्यांची. धान्याच्या गोदामाची सवय असलेला माणूस ‘हवा खेळती पाहिजे’ म्हणून खिडक्या उघडतो. सिमेंटला हे उलटं आहे. पावसाळी हवा आत आली की ओल घेऊनच येते. जून ते सप्टेंबर खिडक्या बंद, झरोके बुजवलेले, आणि दार माल काढण्यापुरतंच उघडायचं. थप्पीवर ताडपत्री टाकून ती बाजूंनी खालपर्यंत सोडायची. वर पत्रा आणि थप्पी यांत अंतर ठेवायचं, ते १० थरांमुळे आपोआप मिळेल. तुमच्याकडे खतंही असतील तर युरियाची पोती या खोलीत नकोत. युरिया हवेतलं पाणी ओढून पाझरतो आणि ते पाणी कोब्यावरून तुमच्या फळ्यांखाली जातं.

पत्रे मे महिन्यात बघतात, मी गारपिटीचे दिवस सरले की मार्चच्या शेवटीच बघायला सांगतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवा. गारांनी पत्र्याला पडलेली भोकं आणि खिळ्याखालचे निसटलेले वायसर ज्यांनी तेव्हाच बघितले नाहीत, त्यांना ते जूनमध्ये दिसले. सोपी पद्धत म्हणजे दुपारी दार लावून आत अंधार करायचा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खडूने जमिनीवर खूण करा आणि तो खिळा बदला.

रवानगीत माल सर्वांत जास्त बिघडतो तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. वरून ताडपत्री सगळे टाकतात, पण सकाळी त्याच ट्रॉलीत ओली वाळू आलेली असते. खालचा थर वीस किलोमीटर त्या ओलीत बसून जातो आणि गिऱ्हाइकाच्या ओट्यावर आठ दिवस तसाच राहतो. मग तक्रार तुमच्याकडे येते. ट्रॉली झाडून, खाली एक कागद टाकून तो कडेने पोत्यांवर दुमडून घ्या, वरून ताडपत्री. पाऊस सुरू असताना भरायचंच नाही. आणि हमालांच्या हातातले लोखंडी आकडे बंद करा. आकड्याचं एक भोक म्हणजे ओलीला उघडलेलं दार. ते पोतं आत परत गेलं तर महिन्याभरात भोकाभोवती मुठीएवढा खडा होतो. फाटलेलं, भोक पडलेलं पोतं बाजूला काढून त्याच दिवशी विकायचं, थप्पीत परत नाही.

शेवटी आत्ता जी पोती कडक आहेत त्यांचं काय? सगळी बाहेर काढून एकेक लोळवा. जी सुटली आणि ज्यांचा खडा बोटांनी फुटला, ती वेगळी लावा. त्यांचा छापील आठवडा तीन महिन्यांच्या आतला असेल तर लगेच विका, पण गिऱ्हाइकाला सांगून आणि फरसबंदी, भराव, बांधकामाच्या जोडकामासाठी. स्लॅब, कॉलम, बीमला नाही. तीन महिन्यांवरचं असेल तर चाचणीशिवाय विकू नका. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विचारा, साध्या पीपीसी सिमेंटला २८ दिवसांनी किमान ३३ मेगापास्कल ताकद लागते. दहा-वीस पोत्यांसाठी चाचणीचा खर्च परवडत नाही, तेव्हा ती स्वतःच्या अंगणाच्या कोब्यात संपवा. जी बोटांनी फुटत नाहीत ती चाळून, कुटून पुन्हा भरायची नाहीत. चाळणीतून पडलेलं बारीक सिमेंट दिसायला ताजं दिसतं, पण त्याच्या कणांवर आधीच थर बसलेला असतो. ती ढेकळं गोदामासमोरच्या चिखलात भराव म्हणून टाका, ट्रॉली रुतायची थांबेल.

कंपनीकडे तक्रार करायची असेल तर न उघडलेली दोन-तीन पोती, त्यांवरचा आठवडा, चलन आणि थप्पीतल्या जागेचा फोटो एकत्र ठेवा. फोटोत भिंतीवरचा खडूचा मजकूर येऊ द्या. माल महिन्याभरातला आणि मधल्या थरातला असेल तर त्यांना ऐकावं लागतं. एप्रिलचा माल दिवाळीत दाखवला तर ते ऐकणार नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही ऐकलं नसतं.